रिस्क रजिस्टर भरलेलं आहे, पण ते उघडतं कोण?

प्रश्न: आमची सात जणांची टीम आहे. एका वितरक कंपनीसाठी ऑर्डर आणि बिलिंगचं ॲप बनवतोय, १ एप्रिलला सुरू करायचं ठरलंय. कामं सगळी जिरामध्ये आहेत आणि रोजचा स्टँड-अपही होतो. रिस्क रजिस्टर म्हणून एक गूगल शीट आहे, त्यात ३१ ओळी आहेत, पण प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून ती कोणी उघडलेली नाही. ‘ओनर’च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘टीम’ किंवा माझं नाव आहे. आता क्लायंट म्हणतोय, दर आठवड्याला रजिस्टर दाखवा. मी या जोखमी सरळ जिरात तिकीट म्हणून टाकू का? आणि आणखी एक कंटाळवाणी मीटिंग न वाढवता हे दर आठवड्याला कसं करायचं?
— एक प्रोजेक्ट लीड, पुणे

उत्तर: जोखमी जिरात टाकू नका. जोखमीसाठी करायची कामं मात्र जिरातच टाका. बाकीचं सगळं या दोन वाक्यांतून निघतं.

तिकिटाचा प्रवास ठरलेला असतो: करायचंय, चालू आहे, झालं. जोखमीचं तसं नाही. ती आठ आठवडे तशीच उभी राहते, मध्येच वाढते, कधी आपोआप विरते. तिला अंदाजे तास लावता येत नाहीत आणि स्प्रिंटमध्ये बसवता येत नाही. जिरात टाकलेली जोखीम दर पंधरा दिवसांनी एका स्प्रिंटमधून दुसऱ्यात ढकलली जाते आणि तिसऱ्या वेळी कोणीतरी वैतागून ती ‘झालं’मध्ये ओढतं. उलट, जोखमीवरचा उपाय फक्त शीटमध्ये लिहिला तर तो कोणाच्याच बोर्डवर दिसत नाही आणि त्यामुळे होतही नाही. म्हणून जोखीम शीटमध्ये, उपाय ट्रॅकरमध्ये, आणि दोघांना बांधणारा एक क्रमांक. जोखीम R-03 असेल तर तिच्या प्रत्येक तिकिटाला `risk` आणि `R-03` अशी दोन लेबलं लावा. मुदत टळलेली जोखमीची तिकिटं मग एका फिल्टरमध्ये येतात:

```
labels = risk AND statusCategory != Done AND due < startOfDay()
```

हा फिल्टर सेव्ह करून त्याची लिंक शीटच्या पहिल्या ओळीत डकवा.

आधी त्या ३१ ओळी चाळा

पहिल्या बैठकीआधी तासभर बसून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे घडेल की नाही, हे आज खरंच ठाऊक नाही का?

जे घडून गेलंय ती आता अडचण आहे. ‘टेस्ट सर्व्हर उशिरा मिळू शकतो’ असं लिहिलंय आणि सर्व्हर अजून आलेलाच नाही, तर ती ओळ शीटमधून काढा आणि तारीख घालून, नाव लावून तिचं तिकीट करा. जे घडणार हे नक्की आहे, तीही जोखीम नव्हे. मार्चमध्ये क्लायंटचा अकाउंट्स विभाग वर्षअखेरीच्या कामात बुडालेला असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ते वेळापत्रकात धरायचं असतं. बिलिंगची चाचणी त्यांच्याकडून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्यायची किंवा फेब्रुवारीतच एक फेरी ठेवायची. पुष्कळ रजिस्टरांमध्ये अशा पक्क्या गोष्टींना ‘शक्यता: जास्त’ असा शेरा मारलेला असतो आणि त्यावर कोणी काही करत नाही, कारण सगळ्यांना ते आधीच माहीत असतं.

तिसरा गठ्ठा ‘रिक्वायरमेंट बदलू शकतात’, ‘कम्युनिकेशन गॅप’ यांसारख्या ओळींचा. त्या कुठल्याही प्रोजेक्टला चिकटवता येतात. त्यामागे एखादी नेमकी भीती असेल तर ती शोधून लिहा, नसेल तर ओळ उडवा. ‘रिक्वायरमेंट बदलू शकतात’च्या मागे बरेचदा ‘दुकानदाराला दिल्या जाणाऱ्या स्कीमचे नियम विक्री विभागाने अजून लेखी दिलेले नाहीत’ इतकी साधी गोष्ट निघते. मग ती लिहायची. या चाळणीनंतर सात-दहा ओळी उरतील. सात जणांच्या टीमला तेवढ्याच पेलतात.

ओळ लिहायची कशी

तीन तुकड्यांत लिहा: आज काय खरं आहे, त्यामुळे काय घडू शकतं, घडलं तर कशाचं नुकसान. तुमच्या ॲपमध्ये दुकानदार मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन लॉगिन करणार असतील, असं धरून एक जोखीम पूर्ण सोडवून दाखवतो. शीटमध्ये ती बहुधा ‘एसएमएस डीएलटी डिले’ अशी तीन शब्दांत पडून असेल. ती अशी लिहा:

‘क्लायंटच्या डीएलटी खात्यावर अधिकृत व्यक्ती म्हणून कंपनी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव आहे. त्यामुळे ओटीपीचं नवं टेम्प्लेट मंजूर व्हायला उशीर होऊ शकतो. तसं झालं तर १ एप्रिलला दुकानदारांना लॉगिन करता येणार नाही.’

पहिला तुकडा सगळ्यात मोलाचा, कारण उपाय त्याच्यावरच करता येतो. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्या कंपनीची टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदणी लागते, नाव म्हणून दिसणारा हेडर मंजूर लागतो आणि मजकुराचं टेम्प्लेटही. पाठवलेला मजकूर मंजूर टेम्प्लेटशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. ही सगळी प्रक्रिया क्लायंटच्या नावाने होते. तुमचा डेव्हलपर कितीही हुशार असला तरी तिथे त्याच्या हातात काही नसतं. ‘डीएलटी डिले’ एवढंच लिहिलं तर यातलं काहीच दिसत नाही.

शीटचे रकाने

A क्रमांक, B जोखीम (वरच्या तीन तुकड्यांत), C ओनर, D शक्यता, E किती दिवसांचा फटका, F निर्णयाची तारीख, G प्लॅन बी, H तिकिटांचे क्रमांक, I ही जोखीम कधी बंद समजायची, J शेवटचं कधी पाहिलं, K स्थिती, L नोंदी. बस.

यात स्कोअर नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. शक्यतेला १ ते ५, परिणामाला १ ते ५, आणि दोन्हींचा गुणाकार, ही पद्धत सगळीकडे चालते. क्लायंटचा आग्रह असेल तर एक रकाना वाढवा. पण त्या आकड्यावर विसंबू नका. क्वचित घडणारं आणि प्रोजेक्ट बुडवणारं काही असेल तर १ गुणिले ५. हमखास घडणारं पण किरकोळ असेल तर ५ गुणिले १. दोन्हींचे ५च होतात, आणि रजिस्टर म्हणतं की दोन्ही सारखेच. शिवाय ३ की ४ यावर दहा मिनिटं वाद घालून कोणाचंच काम पुढे सरकत नाही. शक्यता कमी, मध्यम, जास्त एवढीच ठेवा. परिणाम मात्र दिवसांत लिहा: हे घडलं तर १ एप्रिल किती दिवस पुढे जाईल? ‘फटका: १२ दिवस’ असं वाचलं की क्लायंटही खुर्चीत सरळ बसतो.

F हा रकाना बहुतेक रजिस्टरांत नसतोच, आणि खरी गोम तिथेच आहे. निर्णयाची तारीख म्हणजे प्लॅन बी सुरू करायचा झाला तर तो जास्तीत जास्त कधीपर्यंत सुरू करता येईल ती तारीख. ती मागे मोजत काढायची असते. आपल्या उदाहरणात प्लॅन बी असा: ओटीपी नसेल तर विक्री प्रतिनिधी दुकानात जाऊन दुकानदाराला एक सहा आकडी सुरुवातीचा पिन देईल आणि पहिल्या लॉगिनला दुकानदार तो बदलेल. बनवायला ६ दिवस, तपासायला ३, म्हणजे कामाचे ९ दिवस. क्लायंटची चाचणी सोमवारी २ मार्चला सुरू होते. शुक्रवार २७ फेब्रुवारीपासून मागे मोजत आलं, शनिवार-रविवार आणि १९ तारखेची शिवजयंतीची सुट्टी वगळली, की नववा दिवस सोमवार १६ फेब्रुवारी येतो. त्याआधीची बुधवारची बैठक ११ तारखेची. म्हणून निर्णयाची तारीख ११ फेब्रुवारी. त्या दिवशी ओटीपी चालत नसेल तर पिनचं काम सुरू, पुन्हा चर्चा नाही.

‘वाट बघूया’ या शब्दांना हीच तारीख लगाम घालते. ती लिहिलेली नसेल तर प्लॅन बी आठवतो २० मार्चला, जेव्हा तो करायला वेळच उरलेला नसतो. काही वेळा मागे मोजल्यावर तारीख निघून गेलेली आढळते. म्हणजे तुमच्याकडे प्लॅन बी नाही, फक्त त्याचं नाव आहे. ते त्याच दिवशी क्लायंटला सांगा.

शीटमध्ये दोन कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. पहिलं, सात दिवसांहून जास्त काळ कोणी न पाहिलेली ओळ पिवळी होते. दुसरं, निर्णयाची तारीख दोन आठवड्यांवर आली की तो रकाना लाल होतो:

```
=AND($K2="चालू", TODAY()-$J2>7)
=AND($K2="चालू", $F2-TODAY()<=14)
```

J किंवा F रिकामा राहिला तरी या सूत्रांमुळे रंग चढतो, आणि तो चढायलाच हवा. K मध्ये ड्रॉपडाउन ठेवा: चालू, घडली, स्वीकारली, बंद. हाताने टाइप करू दिलं तर कोणीतरी ‘चालू ’ असं मागे स्पेस ठेवून लिहितं आणि ती ओळ मुकाट पांढरी राहते.

ओनर कोणाला करायचं

एका ओळीला एकच नाव. दोन नावं लिहिली तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. ‘टीम’ म्हणजे कोणी नाही. आणि सगळीकडे तुमचं नाव असेल तर त्याचा अर्थ एवढाच की शीट भरताना तुम्ही एकटेच बसला होता.

ओनरने उपायाचं काम स्वतः करायचं नसतं. ते काम तिकीट ज्याच्या नावावर आहे तो करतो. ओनर ती गोष्ट डोळ्यांआड होऊ देत नाही, परिस्थिती बदलली की सर्वांत आधी त्याला कळतं, आणि निर्णयाच्या तारखेला ‘प्लॅन बी सुरू करा’ हे शब्द त्याच्या तोंडून निघतात. म्हणून निवडताना पद पाहू नका. या जोखमीची बातमी सर्वांत आधी कोणाच्या कानावर येईल, ते पाहा. डीएलटीसाठी तो माणूस एसएमएस जोडणारा डेव्हलपर नव्हे. क्लायंटच्या ऑफिसात रोज फोन करणारी बिझनेस ॲनालिस्ट तिथे योग्य. उदाहरणापुरतं तिला स्नेहा म्हणू आणि डेव्हलपरला अमित.

नाव लिहिण्याआधी त्या व्यक्तीला विचारा आणि तिच्याकडून ‘हो, मी बघते’ हे ऐका. न विचारता लिहिलेलं नाव पहिल्याच बैठकीत ‘अहो, हे माझ्याकडे कधी आलं?’ असं ओरडतं. एका माणसाकडे तीनपेक्षा जास्त जोखमी देऊ नका. ओनर रजेवर जाणार असेल तर रजेच्या आधीच्या बुधवारी त्या ओळीवर दुसरं नाव आणि किती तारखेपर्यंत, हे लिहून ठेवा.

जोखीम पूर्णपणे क्लायंटच्या हातात असली तर ओनरही त्यांच्याकडचा ठेवावा का? तो माणूस दर आठवड्याला बैठकीला येणार असेल तर जरूर ठेवा. येणार नसेल तर ते नाव शोभेचं. अशा वेळी ओनर तुमच्याकडचाच असावा आणि क्लायंटच्या ज्या अधिकाऱ्याकडून काम व्हायचंय त्याचं नाव तिकिटात, मुदतीसह असावं.

एक नाजूक बाब. ‘अमुक डेव्हलपर नोकरी सोडेल’ असं रजिस्टरमध्ये कधीही लिहू नका, विशेषतः जे रजिस्टर क्लायंट बघणार आहे त्यात. जोखीम माणसाची नाही, एकाच माणसाला माहीत असलेल्या गोष्टीची आहे. ‘जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या डेटाची रचना टीममध्ये एकाच व्यक्तीला ठाऊक आहे’ असं लिहा. उपायही मग नीट सुचतो: दुसऱ्या कोणीतरी जुना डेटा उतरवण्याची एक पूर्ण फेरी स्वतःच्या हाताने करायची, पहिल्याने फक्त शेजारी बसायचं. आपल्याकडे नोटीस पिरियड ६० किंवा ९० दिवसांचा असतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्या काळात उरलेल्या रजा आणि नव्या नोकरीची घाई वजा केली की हाती फारसं काही लागत नाही.

बुधवारची पंचवीस मिनिटं

बैठक फक्त ओनरांची, म्हणजे चार-पाच जणांची. सगळ्या टीमला बोलावलं तर तो दुसरा स्टँड-अप होतो. प्रत्येक ओनरने मंगळवारी संध्याकाळपर्यंत आपली ओळ स्वतः अद्ययावत करायची: शक्यता, तारीख, आणि नोंदीत तारखेसह एक वाक्य. बैठकीत टायपिंग नको. ज्याने ओळ भरली नाही तो ती बैठकीत सगळ्यांसमोर भरेल. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा सहसा होत नाही.

शीट निर्णयाच्या तारखेनुसार लावून घ्या, जवळची वर. स्कोअरनुसार लावली तर दर आठवड्याला त्याच दोन मोठ्या जोखमींवर वेळ जातो आणि परवा निर्णय घ्यायचा असलेली मधली ओळ राहून जाते. ओनर आपली जोखीम मोठ्याने वाचतो आणि तीन प्रश्नांची उत्तरं देतो. गेल्या बुधवारपासून शक्यता, फटका किंवा तारीख यांत काय बदललं, आणि ते कशावरून? या जोखमीची तिकिटं कुठवर आली? निर्णयाची तारीख अजून तीच आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घ्यायचं नाही, फिल्टर उघडून पाहायचं.

पहिल्या प्रश्नातलं ‘कशावरून’ सोडू नका. ‘आता शक्यता कमी वाटते’ हे उत्तर चालत नाही. ‘काल टेम्प्लेट मंजूर झालं’ हे चालतं. काही बदललं नसेल तर ‘बदल नाही, कारण पत्र अजून सहीला आहे’ असं अर्ध्या मिनिटात सांगून पुढे. तोडगा काढायला बैठकीत बसू नका. ज्या दोघांना बोलायचंय ते नंतर बसतील. शेवटची तीन मिनिटं नव्या जोखमींसाठी: कोणी काही पाहिलंय का? नवी ओळ ओनर आणि निर्णयाची तारीख मिळाल्याशिवाय शीटमध्ये जात नाही.

एक जोखीम, पाच बुधवार

R-03 ची नोंद कशी पुढे सरकते ते पाहा.

१४ जानेवारी. ओळ उघडली. ओनर स्नेहा, शक्यता मध्यम, फटका १२ दिवस, निर्णय ११ फेब्रुवारी. दोन तिकिटं: क्लायंटकडून नव्या अधिकृत व्यक्तीचं पत्र घेऊन डीएलटी खात्यात बदल करवणं, मुदत २० जानेवारी, ओटीपीच्या मजकुराचं टेम्प्लेट दाखल करणं, मुदत २७ जानेवारी. ‘कधी बंद’ या रकान्यात: ‘प्ले स्टोअरवरच्या बिल्डमधून मागितलेला ओटीपी जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल या चारही सिमवर मिळाला की.’

२१ जानेवारी. पत्र तयार आहे पण सही झालेली नाही, सही करणारे संचालक बाहेरगावी. पहिल्या तिकिटाची मुदत टळली. शक्यता मध्यमवरून जास्त. ‘टेम्प्लेट उशिरा’ एवढ्या शंकेवरून ती वाढवली नाही. पहिली पायरी चुकली, हा आधार आहे. तुम्ही त्याच दिवशी क्लायंटच्या प्रोजेक्ट प्रमुखाला कळवता: ११ फेब्रुवारीला ओटीपी चालत नसेल तर आम्ही पिनचं काम सुरू करू, त्यात ९ दिवस जातील.

२८ जानेवारी. खात्यातला बदल झाला, टेम्प्लेट दाखल. शक्यता पुन्हा मध्यम.

४ फेब्रुवारी. टेम्प्लेट मंजूर. इथे बहुतेक टीम ओळ बंद करून टाकतात. पण बंद करण्याची अट आधीच लिहिलेली असल्यामुळे स्नेहा ती बंद करू शकत नाही, आणि त्याचा उपयोग लगेच दिसतो. अमितच्या फोनवर ओटीपी येतो, प्ले स्टोअरच्या टेस्टिंग ट्रॅकवरून घेतलेल्या बिल्डमध्ये मात्र येतच नाही. कारण असं: अँड्रॉइडवर ओटीपी आपोआप वाचला जावा म्हणून मेसेजमध्ये ११ अक्षरांचा एक कोड घालावा लागतो. तो ॲपच्या पॅकेजच्या नावावरून आणि सहीच्या सर्टिफिकेटवरून बनतो. अमितच्या मशीनवरचं बिल्ड डीबग सहीचं, प्ले स्टोअरवरचं गूगलच्या सहीचं, म्हणून कोड वेगळा. टेम्प्लेटमध्ये डीबगचा कोड कायमच्या मजकुरात लिहिला गेला होता. नवा कोड घातला की मजकूर टेम्प्लेटशी जुळेना आणि मेसेज अडू लागला. उपाय, कोडच्या जागी व्हेरिएबल ठेवून टेम्प्लेट पुन्हा दाखल करणं. तिसरं तिकीट, अमितच्या नावावर, मुदत ६ फेब्रुवारी. शक्यता जास्त, निर्णयाची तारीख तीच.

११ फेब्रुवारी. सुधारित टेम्प्लेट सोमवारी मंजूर झालं. मंगळवारी चारही सिमवर ओटीपी मिळाला, स्क्रीनशॉट तिकिटाला जोडलेले. R-03 बंद, पिनचं काम रद्द. आणि याच चाचणीतून एक नवी ओळ निघते: क्लायंटच्या जुन्या यादीत काही दुकानदारांच्या नावापुढे विक्री प्रतिनिधीचाच नंबर टाकलेला आहे, त्यामुळे ओटीपी भलत्याच माणसाकडे जाऊ शकतो. R-11, ओनर दुसरा, तारीख नवी.

११ तारखेला ओटीपी मिळाला नसता तर काय? K मध्ये ‘घडली’, प्लॅन बी चं तिकीट स्प्रिंटमध्ये, आणि तिथून पुढे ती गोष्ट ट्रॅकरमध्ये साध्या कामासारखी चालते. रजिस्टरमध्ये तिच्यावर पुन्हा बोलायचं नाही. नाहीतर एकाच गोष्टीचा पाठपुरावा दोन ठिकाणी होतो आणि दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या निघतात.

रजिस्टर आजारी पडतं ते असं

सर्वांत आधी दिसणारं लक्षण म्हणजे ‘उपाय: लक्ष ठेवणे’. लक्ष ठेवणं हे प्रत्येक ओनरचं काम आहेच, ते उपाय होत नाही. H रकान्यात एकही तिकीट नसलेली ओळ दोन प्रकारची असू शकते. एकतर काहीतरी करता येईल पण कोणी विचारच केलेला नाही, किंवा खरोखर काही करता येत नाही आणि आपण ती जोखीम पत्करतोय. दुसरं असेल तर तसं उघड लिहा: ‘स्वीकारली’, कोणी स्वीकारली त्याचं नाव, तारीख. फटका मोठा असेल तर ते नाव क्लायंटच्या बाजूचंच हवं. स्वीकारलेली ओळ बुधवारी फक्त वाचायची, पाच सेकंदांत.

दुसरं लक्षण सलग तीन बुधवार ‘बदल नाही’. तीन आठवडे एखाद्या खऱ्या जोखमीत काहीच हलत नाही, हे फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा ओनर चुकीचा असतो, त्याच्यापर्यंत बातमी येतच नाही. तिसऱ्या बुधवारी निवड करा: ओनर बदला, स्वीकारा, किंवा बंद करा.

तिसरं जरा लपलेलं असतं. सगळ्या ओळींच्या निर्णयाच्या तारखा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाल्या असतील तर त्या मागे मोजून काढलेल्या नाहीत, गो-लाइव्हच्या तारखेवरून ढोबळपणे लिहिलेल्या आहेत. तुमच्या शीटमध्ये हे पहिल्याच आठवड्यात सापडण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक ओनरकडून प्लॅन बी ला किती दिवस लागतील हा आकडा मागा. आकडा सांगता येत नसेल तर प्लॅन बी अजून ठरलेलाच नाही.

एक निर्णय मात्र तुमच्या क्लायंटकडून लेखी घ्या. १ एप्रिल चुकली तर काय, हा निर्णय अकाउंट्सचा आहे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि मालिका सलग हवी. एकाहून अधिक मालिका चालतात. म्हणजे ॲप १५ एप्रिलला सुरू झालं तर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिलची पहिली मालिका सुरू होईल आणि ॲपसाठी वेगळ्या अक्षरांची दुसरी लागेल. यात बेकायदा काही नाही, पण दुसऱ्या मालिकेची अक्षरं आधी ठरलेली असावी लागतात. ती ॲपमध्ये सेट करता येतील अशी ठेवा आणि यासाठी एक ओळ, एक ओनर, एक तारीख रजिस्टरमध्ये घाला.

राहिला क्लायंट. त्याच्यासाठी वेगळं, गुळगुळीत केलेलं रजिस्टर बनवू नका. दोन शीट झाल्या की दुसऱ्या महिन्यात त्यांच्यात फरक पडतो आणि तो फरक नेमका चुकीच्या दिवशी उघड होतो. तीच शीट फक्त वाचण्याच्या परवानगीने द्या, आणि सोबत दर बुधवारी संध्याकाळी चार ओळींचा मेल: या आठवड्यात काय उघडलं, काय बंद झालं, येत्या दोन आठवड्यांत कोणत्या निर्णयाच्या तारखा आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या गोष्टी तुमच्याकडून हव्यात, कोणाकडून, कधीपर्यंत. चौथ्या ओळीत त्यांच्या माणसाचं नाव दिसलं की पत्रावरच्या सह्या लवकर होतात.